रविवारी अडलेलं रोस्टर बिघडतं गुरुवारी

ड्यूटीचं रोस्टर लावणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला की पहिल्या तासाभरात काम झाल्यासारखं वाटतं. रोज किती माणसं लागतात ते माहीत असतं, कोणाची रजा कधी आहे तेही माहीत असतं. सलग अमुक दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, असा नियम असतो. मग रोज सकाळी उपलब्ध लोकांपैकी ज्यांच्या ड्यूट्या आतापर्यंत सर्वांत कमी झाल्या आहेत त्यांना उचलायचं, झालं! मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं. दोन-तीन आठवडे ते छान चाललं, आणि मग एका आठवड्यात रविवारी एक जागा रिकामी राहिली. रविवार पुन्हापुन्हा तपासला, पण त्यात काहीच चुकलेलं नव्हतं.

ही अडचण नीट कळावी म्हणून एक लहान उदाहरण घेऊ. कागदावर करून बघता येईल इतकं ते लहान आहे.

समजा पाच जण आहेत. त्यांना अनिल, बेला, चारू, दीपा आणि ईशान म्हणू. सोमवार ते रविवार रोज तीन जण लागतात, म्हणजे आठवड्याच्या एकूण 21 ड्यूट्या. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त कोणीही काम करायचं नाही. अनिल आणि बेला यांची शनिवार-रविवारची रजा मंजूर झालेली आहे. आधीचा आठवडा तूर्तास विसरू, त्याच्याकडे नंतर यायचंच आहे.

वर सांगितलेली सरळ पद्धत पायथनमध्ये साधारण अशी दिसते:

```python
for day in days:
    free = [e for e in staff
            if day not in leave[e] and streak[e] < 3]
    free.sort(key=lambda e: count[e])
    today = free[:3]
    for e in staff:
        if e in today:
            count[e] += 1
            streak[e] += 1
        else:
            streak[e] = 0
```

`count` म्हणजे त्या माणसाच्या आतापर्यंतच्या ड्यूट्या आणि `streak` म्हणजे आजपर्यंत सलग किती दिवस काम झालं. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी `streak` शून्य होतो, मग तो दिवस रजेचा असो की रोस्टरमधल्या सुट्टीचा. दोघांच्या ड्यूट्या सारख्या असतील तर यादीत ज्याचं नाव आधी त्याला आधी घेतलं जातं.

आता हा प्रोग्रॅम हाताने चालवू. सोमवारी सगळे शून्यावर, म्हणून अनिल, बेला, चारू. मंगळवारी दीपा आणि ईशान शून्यावर आहेत, ते दोघे आधी, आणि तिसरा यादीत पहिला म्हणून अनिल. बुधवारी अनिलच्या दोन झाल्या आहेत, बाकीच्यांची एकेक, म्हणून बेला, चारू, दीपा. गुरुवारी ईशान एकटाच मागे आहे, तो आला. बाकी चौघे दोन-दोनवर, म्हणून यादीप्रमाणे अनिल आणि बेला. शुक्रवारी अनिल आणि बेला तीनवर, उरलेले तिघे दोनवर, म्हणजे चारू, दीपा, ईशान. हे तिघे घेतल्यावर पाचही जण तीन-तीनवर येतात. शुक्रवारी संध्याकाळी कोणी हे रोस्टर पाहिलं तर म्हणेल, यापेक्षा न्याय्य वाटणी होऊच शकत नाही.

शनिवारी अनिल-बेला रजेवर. उरलेले तिघे कामावर. रविवारीही तेच तिघे हवेत, पण ईशानने गुरुवार, शुक्रवार, शनिवार असं सलग तीन दिवस काम केलं आहे. त्याला चौथा दिवस देता येत नाही. रविवारी तीन जागा, माणसं दोन.

बहुतेक जण इथे रविवारकडे बघत बसतात. पण रविवारी बदलण्यासारखं काहीच नाही. शनिवारीही नाही, कारण त्या दिवशीही पर्याय एकच होता. अनिल-बेलाच्या रजेने शनिवार-रविवार आधीच ठरवून टाकले होते. चारू, दीपा आणि ईशान या तिघांनाही ते दोन्ही दिवस करायचे आहेत, हे सोमवारी सकाळीच पक्कं होतं. आणि ते पक्कं असेल तर आणखी एक गोष्ट आपोआप ठरते. या तिघांपैकी कोणालाही गुरुवार आणि शुक्रवार हे दोन्ही दिवस द्यायचे नाहीत, नाहीतर सलग चार होतील. ईशानला नेमके ते दोन्ही मिळाले. दोन्ही वेळा कारण रास्त होतं, तो मागे होता. प्रोग्रॅमने प्रत्येक दिवशी त्या दिवसापुरता बरोबर निर्णय घेतला आणि तरी आठवडा फसला.

या पद्धतीला ग्रीडी म्हणतात. समोरचा उत्तम घास उचलायचा आणि मागे वळून पाहायचं नाही. तिच्यात दोन उणिवा आहेत. तिला पुढचं दिसत नाही आणि केलेलं पुसता येत नाही. रोस्टरमध्ये `streak` नावाची गोष्ट दिवसांना एकमेकांत गुंतवते, म्हणून या उणिवा लगेच अंगाशी येतात. सलग दिवसांची मर्यादा काढून टाका, ग्रीडी पद्धतीने हा आठवडा सहज भरेल. नुसत्या रजेने ती अडत नाही, कारण रजा ज्या दिवसाची त्या दिवसापुरतीच असते. मर्यादा मात्र आजचा निर्णय पुढच्या तीन दिवसांत ओढत नेते.

अडकल्यावर एक पाऊल मागे जाणं हा पहिला उपाय. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. रविवारी अडलो, शनिवारी दुसरा पर्याय नाही, म्हणून शुक्रवारपर्यंत मागे. शुक्रवारी चारू, दीपा, ईशान हा पहिला पर्याय फसला, म्हणून त्याच क्रमातला पुढचा, चारू, दीपा आणि अनिल. ईशानला शुक्रवारी सुट्टी मिळाली. त्याचा `streak` शून्य झाला, शनिवार-रविवार तो करू शकतो. चारू आणि दीपा शुक्रवार ते रविवार सलग तीन दिवस, बरोबर मर्यादेवर. आठवडा भरला:

```
सोम    अनिल   बेला   चारू
मंगळ   अनिल   दीपा   ईशान
बुध    बेला   चारू   दीपा
गुरु   अनिल   बेला   ईशान
शुक्र  अनिल   चारू   दीपा
शनि    चारू   दीपा   ईशान
रवि    चारू   दीपा   ईशान
```

अनिल 4, बेला 3, चारू 5, दीपा 5, ईशान 4. बेरीज 21.

इथे फक्त दोन दिवस मागे जावं लागलं, कारण आठवडाच छोटा होता. महिन्याचं रोस्टर असेल, चूक चौथ्या तारखेला झाली असेल आणि अडचण सव्विसाव्या तारखेला दिसली असेल, तर साधं बॅकट्रॅकिंग पंचवीस, चोवीस, तेवीस असं एकेक पाऊल मागे येत मधल्या दिवसांची सगळी उलटापालट करून बघत बसतं. चौथ्या तारखेपर्यंत ते पोहोचतच नाही. आपल्या उदाहरणात रोज पाचातून तीन निवडायचे 10 प्रकार आहेत, सात दिवसांचे मिळून एक कोटी. रजा आणि मर्यादा धरण्याआधीचा हा आकडा आहे आणि एवढं संगणक सरळ मोजूनही काढेल. पण वीस माणसांतून रोज आठ निवडायची असतील तर एका दिवसाचेच 1,25,970 प्रकार होतात, आणि तीस दिवसांचे मिळून होणारी संख्या 1 वर सुमारे 153 शून्यं एवढी मोठी आहे. प्रोग्रॅम अडकून बसला आणि पंखा जोरात फिरू लागला, की बहुधा तो या जंगलात हिंडत असतो.

कागद-पेन्सिलने वर्षानुवर्षं ड्यूट्या लावणारी माणसं या जंगलात का शिरत नाहीत? कारण ती सोमवारपासून सुरुवातच करत नाहीत. आधी रजा मांडतात, मग ज्या दिवशी माणसांची सर्वांत जास्त ओढाताण आहे तो दिवस भरतात. आपल्या उदाहरणात शनिवार आणि रविवारी तीन जागांना तीनच माणसं आहेत. ते दोन दिवस आधी भरायचे, तिथे डोकं चालवायला काही नाहीच. ते भरताच गुरुवार-शुक्रवारची अट समोर येते, म्हणून पुढे तेच दोन दिवस घ्यायचे. त्या दोन दिवसांच्या मिळून सहा जागा. चारू, दीपा, ईशान यांना प्रत्येकी जास्तीत जास्त एक, म्हणजे तीन. उरलेल्या तीन जागा अनिल आणि बेलाने भरायच्या, आणि दोघांची मिळून ताकद चार आहे. म्हणजे जमतं, पण फक्त एका जागेचा सैलपणा आहे. सोमवार ते बुधवार शेवटी, तिथे मोकळीक भरपूर. ज्या जागेला पर्याय सर्वांत कमी ती आधी भरायची, ही एवढी एक सवय प्रोग्रॅमला लावली तरी बहुतेक वेळा मागे यायची वेळ येत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे क्रम सांगणंच सोडून द्यायचं. फक्त अटी लिहायच्या आणि त्या एकदम सांभाळणारा सॉल्व्हर वापरायचा. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा असा फुकट मिळणारा सॉल्व्हर आहे. त्यात प्रत्येक माणसासाठी आणि प्रत्येक दिवसासाठी एक कप्पा असतो, काम असेल तर 1, नसेल तर 0. रोजच्या तीन जागा म्हणजे त्या दिवसाच्या कप्प्यांची बेरीज 3. रजा म्हणजे तो कप्पा 0. सलग दिवसांची अट मात्र लोकांना चटकन सुचत नाही, कारण कप्प्यांच्या भाषेत `streak` नावाचं काही नसतंच. तिथे युक्ती अशी की कुठलेही सलग चार दिवस घ्या, त्यांची बेरीज तीनपेक्षा जास्त होता कामा नये. चार दिवसांची एक खिडकी आठवड्यावरून एकेक दिवस सरकवत न्यायची:

```python
L = 3
for e in staff:
    for d in range(-L, len(days) - L):
        model.add(sum(work[e, d + i]
                      for i in range(L + 1)) <= L)
```

यातली खिडकी `-L` पासून का सुरू होते, याचं उत्तर मघाशी बाजूला ठेवलेल्या आधीच्या आठवड्यात आहे. आपण भरलेल्या रोस्टरमध्ये दीपाने शुक्रवार, शनिवार, रविवार काम केलं. येणाऱ्या सोमवारी तिला सुट्टी मिळालीच पाहिजे. पण नवा आठवडा लावताना प्रोग्रॅमने सगळ्यांचे `streak` शून्यापासून सुरू केले, तर तिला सोमवार, मंगळवार, बुधवार बिनदिक्कत मिळू शकतात. मर्यादा तीनची आणि प्रत्यक्षात सलग सहा दिवस. दोन्ही आठवडे वेगवेगळे तपासले तर दोन्ही निर्दोष दिसतात, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते. आपल्या यादीत तर दीपाचं नाव चौथं आहे, त्यामुळे सोमवार आपोआप अनिल, बेला, चारू यांच्याकडे जातो आणि दीपा योगायोगाने वाचते, पण चारूनेही शुक्रवार ते रविवार काम केलं आहे, म्हणून तिचे सलग चार होतात. नावांचा क्रम बदलला की दीपाही अडकते. म्हणून `work[e, -1]`, `work[e, -2]`, `work[e, -3]` या कप्प्यांत मागच्या आठवड्याचे शेवटचे तीन दिवस जसे घडले तसे आयते भरून द्यायचे. जसे घडले तसे, जसे लावले होते तसे नव्हे. रविवारी दीपाऐवजी दुसरं कोणी आलं असेल तर ते इथे दिसलं पाहिजे.

हे तपासणं सोपं आहे. दोन आठवडे एकापुढे एक जोडायचे आणि प्रत्येकाची सर्वांत लांब सलग माळ मोजायची. एकेका आठवड्याची वेगळी चाचणी घेऊन समाधान मानणारे प्रोग्रॅम मी इतके पाहिले आहेत की नवा प्रोग्रॅम हातात आला की मी ही जोडणीच पहिली बघतो.

आता न्यायाकडे वळू. आपण भरलेल्या रोस्टरमध्ये बेलाला 3 ड्यूट्या आणि चारू-दीपाला 5-5. पाहताक्षणी कोणीही म्हणेल की हे बरोबर नाही. दुरुस्तीही सोपी आहे. शुक्रवारी चारूऐवजी बेलाला घ्या. बेलाचे बुधवार, गुरुवार, शुक्रवार होतात, बरोबर तीन. आता अनिल 4, बेला 4, चारू 4, दीपा 5, ईशान 4. 21 ड्यूट्या पाच जणांत याहून सारख्या वाटताच येत नाहीत.

पण चारूला विचारून बघा. ती म्हणेल, मी सातही दिवस उपलब्ध होते, बेला दोन दिवस रजेवर होती. मंजूर झालेल्या रजेचे दिवस तिने उरलेल्या आठवड्यात भरून दिले, मग ती रजा कसली? तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. ड्यूट्यांचा आकडा सारखा करण्याच्या हट्टात प्रोग्रॅमने अनिल आणि बेलाला त्यांच्या पाच उपलब्ध दिवसांपैकी चार दिवस कामाला लावलं. रजा घ्यायची तर आधी-नंतर राबायचं, असा तो छुपा नियम झाला.

दुसरा हिशोब उपलब्ध दिवसांच्या प्रमाणात. अनिल आणि बेला पाच-पाच दिवस उपलब्ध, बाकी तिघे सात-सात, एकूण 31. ड्यूट्या 21. म्हणजे पाच दिवस हजर असणाऱ्याचा वाटा सुमारे 3.4 आणि सात दिवसवाल्याचा सुमारे 4.7. या मापाने पाहिलं तर आपण नुकतीच केलेली दुरुस्ती रोस्टर बिघडवून गेली. बेलाचे तीन तिच्या वाट्याच्या जवळ होते, आपण चार केले. चारूचे पाच तिच्या वाट्याच्या जवळ होते, आपण चार केले.

किती बिघडवलं हे मोजायचं तर प्रत्येकाच्या वाट्यापासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. वर्ग अशासाठी की एकाच माणसावर पडलेला मोठा अन्याय पाच जणांत विखुरलेल्या बारीक फरकांपेक्षा जास्त जड ठरावा. पहिल्या रोस्टरची ही बेरीज सुमारे 1.2 येते, दुरुस्त केलेल्याची 1.9. सर्वांत चांगलं 3, 3, 5, 5, 5 असं वाटलेलं रोस्टर असेल, त्याची बेरीज 0.5 येते, आणि ते सर्व अटी पाळून बसतंही:

```
सोम    बेला   चारू   दीपा
मंगळ   बेला   चारू   ईशान
बुध    अनिल   दीपा   ईशान
गुरु   अनिल   बेला   चारू
शुक्र  अनिल   दीपा   ईशान
शनि    चारू   दीपा   ईशान
रवि    चारू   दीपा   ईशान
```

सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक हे माप बरेच जण वापरतात, कारण ते चटकन सांगता येतं. पण पहिल्या आणि या तिसऱ्या रोस्टरमध्ये तो फरक दोनच आहे. त्या मापाला या दोघांत काही भेद दिसत नाही, आणि दुरुस्त केलेलं रोस्टर त्याला सर्वांत आवडतं.

कोणतं माप बरोबर, हे प्रोग्रॅमने ठरवायचं नसतं. माझं मत विचाराल तर मंजूर रजा वाट्यातून वजा झाली पाहिजे. पण कोणी सतत शनिवार-रविवारच रजा टाकत असेल तर प्रमाणाचा हिशोब त्याला फुकटचा फायदा देतो, हेही खरं. त्यावर उपाय म्हणून शनिवार-रविवारचा वेगळा काउंटर ठेवतात. या आठवड्यात चारू, दीपा आणि ईशान यांनी दोन्ही दिवस केले, अनिल आणि बेलाने एकही नाही. हा हिशोब आठवड्यागणिक पुसायचा नाही, पुढे न्यायचा. पुढच्या रोस्टरमध्ये शनिवारसाठी माणूस निवडताना आधी हा काउंटर बघायचा, एकूण ड्यूट्या नंतर. रात्रपाळी असेल तर तिचाही असाच वेगळा काउंटर.

जाता जाता यादीच्या क्रमाबद्दल. सारख्या ड्यूट्या असतील तर ज्याचं नाव आधी त्याला आधी घ्यायचं, हे दिसायला निरुपद्रवी आहे. पण मागचे काउंटर पुढे न नेणारा प्रोग्रॅम दर सोमवारी सगळ्यांना शून्यावर आणतो. कोणाची रजा नसेल तर प्रत्येक सोमवार अनिल, बेला, चारू यांचा, ईशानला सोमवार कधीच नाही. लोक याला वशिला म्हणतात. असतो तो नुसता `sort`. बरोबरी झाली तर ज्याने त्या वारी काम करून सर्वांत जास्त दिवस झालेत त्याला घ्यायचं, एवढं केलं तरी तक्रार थांबते.

रोस्टर अजिबात बसतच नसेल तेव्हा काय? आपल्या उदाहरणात अनिल आणि बेलाने शुक्रवारचीही रजा मागितली असती, तर चारू, दीपा, ईशान यांना शुक्रवार, शनिवार, रविवार हे तिन्ही दिवस करावे लागले असते. मग गुरुवारी त्या तिघांनाही सुट्टी द्यावी लागते आणि गुरुवारी फक्त अनिल आणि बेला उरतात. जागा तीन. कोणताही प्रोग्रॅम, कितीही वेळ चालवला तरी, असं रोस्टर देऊ शकणार नाही. सॉल्व्हर अशा वेळी `INFEASIBLE` एवढंच म्हणतो. ड्यूट्या लावणाऱ्या माणसाच्या हातात ते ठेवलं तर त्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला.

म्हणून अटी दोन प्रकारांत लिहितात. रजा आणि सलग दिवसांची मर्यादा कडक ठेवायची. रोजच्या तीन माणसांची अट मात्र थोडी सैल सोडायची. रिकाम्या राहणाऱ्या प्रत्येक जागेला मोठा दंड लावायचा, इतका मोठा की दुसरा काहीही इलाज असेल तर सॉल्व्हर जागा रिकामी ठेवणार नाही. दंड न्यायाच्या फरकापेक्षा बराच वरचा हवा, नाहीतर वाटणी सुंदर दिसावी म्हणून तो एखादी जागा खुशाल रिकामी सोडेल. असं केलं की शुक्रवारच्या रजेनंतर प्रोग्रॅम गप्प बसत नाही. तो एक रिकामी जागा असलेलं रोस्टर देतो, आणि तीही कुठे आहे ते दाखवतो. इथे मात्र एक खाच आहे. ही जागा गुरुवारीच दिसेल असं नाही. गुरुवारी ईशानला घेऊन रविवारी एक जागा रिकामी ठेवली तरी दंड तेवढाच. म्हणून रिकामी जागा जिथे दिसते ती अडचणीची जागा, असं समजायचं नाही. कोणत्या दिवसांच्या जागा आणि कोणाची रजा मिळून ही कोंडी झाली, हे शोधायला एकेक रजा तात्पुरती उठवून पुन्हा चालवून बघायचं. अनिलची शुक्रवारची रजा उठवली आणि भोक बुजलं, बेलाची उठवली तरी बुजलं, चारूच्या दिवसांत काहीही फेरफार केला तरी बुजलं नाही. मग सांगता येतं की शनिवार-रविवारची मंजूर रजा तशीच ठेवायची तर शुक्रवारी दोघांपैकी एकाने यावं लागेल, किंवा बाहेरून एक माणूस आणावा लागेल.

राहिला तो दिवस, जेव्हा रोस्टर लागलेलं असतं आणि सकाळी फोन येतो. तिसरं रोस्टर घ्या आणि समजा गुरुवारी बेला आजारी पडली. इथे अख्खं रोस्टर नव्याने लावणं ही सर्वांत वाईट कल्पना. सॉल्व्हरला कोणाचे बेत ठरलेत ते माहीत नसतं. तो 0.5 च्या जागी 0.5 चंच, पण पूर्ण वेगळं रोस्टर आनंदाने देईल. म्हणून लागलेल्या रोस्टरमधल्या प्रत्येक बदलाला दंड लावतात आणि झालेले दिवस गोठवतात.

गुरुवारी मोकळे दोघेच आहेत, दीपा आणि ईशान. दीपाला बोलावलं तर तिचे बुधवार ते रविवार सलग पाच होतात, म्हणून तिला शुक्रवारी सोडावं लागेल. ईशानला बोलावलं तर त्याचे मंगळवार, बुधवार, गुरुवार पुरे झाले, म्हणजे त्यालाही शुक्रवारी सुट्टी. दोन्ही वाटांनी शुक्रवारी एक जागा उघडी पडते. ती भरायला चारू चालत नाही, कारण तिचे गुरुवार ते रविवार सलग चार होतील. उरते फक्त बेला. म्हणजे गुरुवारच्या आजारपणाचं उत्तर बेला शुक्रवारी येऊ शकते का, यावर अडलेलं आहे. येऊ शकत असेल तर दोन बदलांत काम होतं, दीपा गुरुवारी आणि बेला शुक्रवारी. येऊ शकत नसेल तर आतल्या माणसांत उत्तर नाही. तेव्हा बेलाचा फोन आला की पहिला प्रश्न ‘आज कोण येईल’ हा नसून ‘उद्या येशील ना’ हा असायला हवा, आणि प्रोग्रॅमने पडद्यावर नेमका तोच प्रश्न दाखवायला हवा.